संध्याकाळच्या तीन घंटा: वह्या, टाचण आणि उद्याची पिशवी

प्रश्न: सर, मी बीड जिल्ह्यातल्या द्विशिक्षकी शाळेवर शिक्षण सेवक आहे. तिसरी-चौथी माझ्याकडे. केजहून स्कूटीवर अप-डाऊन करते. रोज संध्याकाळी टाचण, वह्या आणि उद्याचं साहित्य होतच नाही. मोबाईलवर रिमाइंडर लावलेत: साडेसातला टाचण, साडेआठला वह्या, साडेनऊला साहित्य. वाजतात, मी बंद करते, आणि सकाळी तशीच शाळेत जाते. कशी घडी बसवायची?

उत्तर:

मॅडम, तुम्ही लावलेल्या तीन वेळा मी आधी कागदावर उतरवून बघितल्या, आणि मला वाटतं दोष तुमच्या आळसात नाही, क्रमात आहे. साडेसातला टाचण लिहायला बसता तेव्हा आज लेकरांना काय आलं आणि काय नाही हे तुम्हाला अजून कळलेलं नसतं, कारण वह्या साडेआठला उघडायच्या असतात. मग टाचण पाठ्यपुस्तकातून उतरवलं जातं. आणि साडेनऊला लक्षात येतं की उद्या स्केचपेन लागणार आहेत. त्या वेळी दुकान बंद, आणि आपल्याकडे कधीकधी लाइटही गेलेली. तिन्ही कामं एकाच्या पोटातून दुसरं अशी निघतात. वह्या सांगतात टाचणात काय लिहायचं, आणि टाचण सांगतं पिशवीत काय भरायचं. घंटा त्याच क्रमाने वाजल्या पाहिजेत, आणि त्यातल्या पहिल्या दोन शाळेतच वाजल्या पाहिजेत, घरी नाही. स्कूटी एकदा केजच्या रस्त्याला लागली की कपाट, फळा आणि लेकरं मागे राहतात, आणि घरी गेल्यावर तुम्ही आधी कुणाची तरी आई, सून असता. मॅडम व्हायला आठ वाजतात.

माझं म्हणणं असं: ४:२० ला पहिली घंटा, ४:५० ला दुसरी, रात्री ८:१५ ला तिसरी. बाकी सगळे रिमाइंडर काढून टाका. वेळा मी दहा ते पाच शाळा धरून सांगतोय. तुमच्या शाळेची वेळ थोडी पुढेमागे असेल तर शाळा सुटण्याआधी चाळीस मिनिटं आणि दहा मिनिटं असं धरा.

पहिल्या घंटेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे.

वह्या तपासणं म्हणजे सगळ्या वह्यांतलं सगळं तपासणं, असं आपण धरून चालतो. तिसरी-चौथी मिळून तेहतीस लेकरं धरा. एका वहीला तीन मिनिटं म्हटली तरी एका विषयाला जवळपास शंभर मिनिटं झाली. हे रोज कुणाकडूनही होत नाही. मग होतं काय, की आठवड्यातून एकदा ढिगारा घेऊन बसायचं आणि पानापानावर बरोबरच्या खुणा करत सुटायचं. वहीवर सही दिसते, केंद्रप्रमुखांचं समाधान होतं, आणि लेकरू सोमवारी जी चूक करत होतं तीच शनिवारीही करतं.

त्याऐवजी तपासणीचे दोन भाग करा. एक रोजचा, फक्त एका उदाहरणाचा, सगळ्या वह्यांचा. दुसरा पूर्ण तपासणीचा, रोज सातच वह्यांचा. सात वह्या स्कूटीच्या डिकीत मावतात, आणि सोमवार ते शुक्रवार रोज सात नेल्या तर आठवड्यात सगळ्या तेहतीस होतात. पूर्ण तपासणी म्हणजे लाल पेनने तारीख, सही, आणि चूक जिथे सुरू झाली त्या अंकाखाली रेघ. उत्तरावर फुली मारू नका. लेकराला फुलीवरून एवढंच कळतं की आपलं चुकलं. रेघेवरून कुठं चुकलं तेही कळतं.

रोजच्या एका उदाहरणाची रीत अशी. गणिताची तासिका संपताना फळ्यावर एकच उदाहरण द्यायचं, शेजारच्याकडे न बघता सोडवायला सांगायचं, आणि वह्या बंद न करता त्याच पानावर उघड्या एकावर एक ठेवायला लावायच्या. उघड्या ठेवण्याला महत्त्व आहे. बंद वही घेतली की पान शोधण्यात जो वेळ जातो तो तपासण्याहून जास्त असतो. हा उघडा गठ्ठा टेबलावर तसाच राहू द्या. मधल्या सुट्टीत पोषण आहाराचं बघायचं असतं, तेव्हा त्याच्या नादी लागू नका. ४:२० ला घंटा वाजेल तेव्हा दोन्ही वर्गांना पंधरा मिनिटं मूकवाचनाला बसवा, वाचनकोपऱ्यातली पुस्तकं हातात द्या, आणि गठ्ठ्याला बसा. तेवढ्या वेळात तपासायचं नाही, फक्त वाटायचं. वहीतलं उत्तर बघून तिला त्या त्या ढिगात टाकायचं. लाल पेन हातात घेऊच नका. घेतलं की हात सुधारायला लागतो आणि वेळ निघून जातो.

आता एक खरंखुरं उदाहरण घेऊ. चौथीला हातच्याची वजाबाकी चालू आहे, मध्ये शून्य असलेली. फळ्यावर दिलं ४०२ − १७८. उत्तर २२४. पटावर एकोणीस, आज हजर सतरा. समजा उत्तरं अशी आली.

नऊ वह्यांत २२४. पाच वह्यांत ३७६. दोन वह्यांत ३२४. एका वहीत २७४.

चुकलेली आठ लेकरं म्हणजे एकच कच्चा गट नाही, हे इथं बघण्यासारखं आहे. ३७६ वाल्यांनी प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेलं सात, चारातून एक गेला तीन. यांना हातचा विसरलेला नाही, वरच्या संख्येतून खालची काढायची असते हेच पक्कं नाही. ३२४ वाल्यांना दशक सुटा करायचा हे माहीत आहे. त्यांनी एककात बारा केले, दशकातल्या शून्याचे नऊही केले, पण ते नऊ आले कुठून हे न बघितल्यामुळे शतकातले चार चारच राहिले. आणि २७४ वाल्या लेकराने शतकातून एक थेट एककात आणला. शतकाचे तीन केले, एककात बारा केले, मधल्या शून्याला हात लावलाच नाही. मग तिथं सातातून शून्य काढून सात लिहिले. म्हणजे त्याने शंभर मोडून दहाच सुटे घेतले आणि नव्वद वाटेत हरवले.

तीन चुका, तीन वेगळी कारणं. या सगळ्यांना उद्या फळ्यावर पुन्हा तेच उदाहरण सोडवून दाखवलं तर नऊ लेकरं कंटाळतील आणि आठ लेकरं मान डोलावतील.

ढीग करण्यासाठी उदाहरण निवडताना एक काळजी घ्या. प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं आलं पाहिजे, नाहीतर ढीग खोटे पडतात. समजा तुम्ही ६०५ − ३५५ दिलं. बरोबर उत्तर २५०. आता मोठ्यातून लहान काढणाऱ्या लेकराचं उत्तर ३५० येतं, आणि शतक कमी करायला विसरणाऱ्याचंही ३५० च येतं. वहीत बघून दोघांतला फरक कळणार नाही. त्यापेक्षा ५०३ − २६७ घ्या. बरोबर २३६. मोठ्यातून लहान काढलं तर ३६४, शतक कमी केलं नाही तर ३३६, शतकातून थेट एककात आणलं तर २६६. चारही उत्तरं वेगळी. हे उदाहरण देण्याआधी स्वतः चुकीच्या रीतींनी सोडवून बघायला दोन मिनिटं लागतात. ते काम रात्री टाचण लिहितानाच करायचं, म्हणजे उद्याचं शेवटचं उदाहरण आजच तयार असतं.

मराठीलाही हेच, फक्त उदाहरणाच्या जागी एक बाब. श्रुतलेखनाचं अख्खं पान तपासू नका. आज फक्त जोडाक्षरं बघायची, उद्या फक्त वेलांट्या-उकार. एका दिवशी एकाच विषयाचे ढीग पुरेत.

ढीग झाले की वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर, किंवा टाचणवहीत आजच्या तारखेखाली, चुकीचं उत्तर आणि त्यापुढे नावं एवढं उतरवा: "३७६: पाच नावं. ३२४: दोन नावं. २७४: एक नाव. गैरहजर: दोन नावं." गैरहजरांचा हा चौथा ढीग आपल्या भागात विसरून चालत नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या घरांतली लेकरं आधी एक-दोन दिवस गैरहजर दिसतात आणि मग थेट पट रिकामा होतो. रोज नाव लिहिलं जात असेल तर दुसऱ्याच दिवशी घरी निरोप जातो, आजीकडे ठेवता येईल का, हंगामी वसतिगृहाची सोय आहे का, हे विचारायला वेळ मिळतो.

याच नोंदीतून वर्णनात्मक नोंदीचंही काम हलकं होतं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं २०१० मध्ये, आणि तेव्हापासून सत्राच्या शेवटी आपण सगळे त्या नोंदी एका बैठकीत "गणितात प्रगती चांगली" अशा भाषेत भरत आलोय. रोज दोन नावं घेतली तर चौथीची एकोणीस लेकरं दहा दिवसांत होतात, आणि नोंद "शून्य असलेल्या वजाबाकीत शतक सुटं करतो, पण शतकाचा अंक कमी करायला विसरतो" इतकी नेमकी येते. ती वाचून पालकही प्रश्न विचारतात.

आता ४:५० ची दुसरी घंटा. ही दहा मिनिटांची आहे आणि तिचं काम एकच: उद्या काय लागेल आणि ते कुठं आहे. तीन जागा असतात: शाळेचं कपाट, आपलं घर, नाहीतर दुकान. कपाटातलं आत्ताच काढून टेबलावर ठेवायचं. गणितपेटी कपाटात आहे हे आपल्याला माहीत असतं. पण तिच्यातले दशकाचे दांडे निम्मे शेजारच्या वर्गात गेलेत, हे सकाळी तासिका सुरू झाल्यावर कळून उपयोग नाही.

आपलंच उदाहरण पुढं नेतो. आठ लेकरांना शतक सुटं करणं हातांनी करायला द्यायचंय. आपल्याकडे एकक-दशकासाठी तुराट्यांच्या काड्यांचे जुडगे उत्तम चालतात, दहा काड्यांना सुतळी बांधली की दशक झाला. पण तीन अंकी संख्येला ते जमत नाही. ४०२ मांडायचं तर एका गटाला चारशेच्या वर काड्या लागतील. इथं कागदी नोटा बऱ्या. पाठकोरा ए-फोर कागद चारदा दुमडला की सोळा तुकडे होतात. एका गटाला शंभराच्या पाच, दहाच्या दहा आणि एकच्या बारा नोटा लागतात, म्हणजे सत्तावीस तुकडे, दोन कागद. गट तीन: ३७६ वाल्या पाच जणांचे दोन गट, आणि ३२४ चे दोघे व २७४ चा एक असा तिसरा. एकूण सहा कागद. तीन रंगांची स्केचपेन असली तर शंभर लाल, दहा निळे, एक हिरवे. एक लिहिलेल्या नोटा सगळ्यात जास्त लागतात, त्या चौथीच्याच दोन पोरींना शाळा सुटण्याआधीच्या दहा मिनिटांत कापायला द्या. ज्यांचं उत्तर २२४ आलंय त्यांतल्याच निवडा, त्यांना उद्या गटात शिकवायलाही बसवता येतं.

म्हणजे जागा ठरली: कागद शाळेत, कात्री शाळेत, स्केचपेन घरी. दुकानातून काहीच नाही. ज्या दिवशी दुकानाच्या रकान्यात काही येईल, झेरॉक्स किंवा रंगीत घोटीव कागद, त्या दिवशीच ५:४५ चा एकवेळचा अलार्म लावायचा, तुम्ही केजच्या बाजारात पोचता तेव्हाचा. तो रोजचा ठेवला की चार दिवसांत कान त्याला सरावतो. झेरॉक्सच्या बाबतीत मी जरा कडक आहे. फळ्यावर लिहून होणारं काम झेरॉक्सवर नेऊ नका. खर्च आपल्याच खिशातून जातो, आणि लाइट नसली की सकाळी सगळा पाठ त्या कागदावर अडकतो.

शाळा सुटताना तुमच्याकडे तीन गोष्टी झाल्या: ढिगांच्या नावांचा कागद, काढून ठेवलेलं साहित्य, आणि डिकीत सात वह्या. इथून रात्री सव्वाआठपर्यंत मोबाईलने तुम्हाला शाळेची आठवण करून देऊ नये. केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "माहिती आजच भरा" येतंच. ते वेगळं काम आहे, त्याला टाचणाच्या वेळेत शिरू देऊ नका. जेवणाआधी किंवा नऊनंतर भरा.

८:१५ ची तिसरी घंटा साधारण चाळीस मिनिटांची. आधी सात वह्या, वीस मिनिटं. आधी वह्या यासाठी की डोकं थकलं असलं तरी रेघा ओढता येतात, आणि टाचणाला बसेपर्यंत लेकरांच्या चुका डोळ्यांपुढे ताज्या होतात. मग पंधरा मिनिटं टाचण. शेवटची पाच मिनिटं पिशवी.

टाचण पंधरा मिनिटांत कसं होईल, असं वाटेल. ते तसं होण्यासाठी शनिवारचा उपयोग करा. शनिवारी सकाळची शाळा असते. सुटल्यावर तासभर थांबून पुढच्या आठवड्याच्या टाचणाचा न बदलणारा भाग लिहून टाका: तारीख, तासिका, विषय, घटक, अध्ययन निष्पत्ती. हे सगळं मासिक नियोजनातून येतं, त्याला रोजच्या वह्यांशी देणंघेणं नसतं. कृती, साहित्य आणि मूल्यमापन हे तीन रकाने कोरे सोडा. रोज रात्री फक्त तेवढेच भरायचे. तपासणीला आलेल्या साहेबांना टाचण पूर्ण दिसतं, आणि तुम्हाला रोज नवीन चार ओळीच लिहाव्या लागतात.

उद्याच्या आपल्या तासिकेच्या त्या ओळी अशा होतील.

"कृती: २२४ वाले नऊ जण फळ्यावरची चार उदाहरणे सोडवतील, मग एकमेकांची तपासतील. बाकी तीन गट नोटांनी ४०२ मधून १७८ देतील. खडूचा डबा ही बँक. तिसरी: पाठ्यपुस्तकातला स्वाध्याय, पहिली दहा मिनिटे माझ्याशिवाय. साहित्य: नोटांचे तीन संच, खडूचा डबा. मूल्यमापन: ५०३ − २६७."

एवढं पुरे. प्रत्यक्षात गटात काय होईल ते डोक्यात एकदा फिरवून घ्या, कारण अडखळायच्या जागा तिथंच असतात. लेकरं शंभराच्या चार आणि एकच्या दोन नोटा मांडतील. दुकानदाराला १७८ द्यायचे. आठ सुटे हवेत, हातात दोन. ३७६ वालं लेकरू इथंच "सहा उरले" म्हणेल. त्याला चूक सांगू नका, "दोन रुपये खिशात आहेत, आठ द्यायचेत, सहा उरले कसे?" एवढं विचारा. दहाच्या नोटाच नाहीत हे ते स्वतः बघेल. मग शंभराची एक नोट बँकेत देऊन दहाच्या दहा घ्यायच्या. इथं थांबवून मोजायला लावा: तीन शंभर, दहा दहा, दोन सुटे, बेरीज अजून ४०२ च. ३२४ वाल्यांची गाठ इथं सुटते, कारण शंभराची नोट हातातून गेलेली त्यांना दिसते. पुढं दहाची एक नोट मोडून एकच्या दहा. आता तीन, नऊ, बारा. यातून १७८ द्या, २२४ उरतात. २७४ वाल्याने शंभराला दहाच सुटे मागितले तर बँकवाल्या पोराला ते तसेच द्यायला सांगा. बाकीचं लेकरूच ओरडेल, "नव्वद खाल्ले!"

नोटांनंतर लगेच वहीत तेच मांडायला लावा, प्रत्येक अदलाबदलीला एक खाडाखोड. नोटा एकीकडे आणि लिहिणं दुसरीकडे राहिलं, तर लेकरं नोटांनी बरोबर करतात आणि वहीत परत ३७६ लिहितात. हे तुम्हाला दुसऱ्या दिवशीच्या ढिगात दिसेल: गटात सगळं जमलं होतं आणि तरी ३६४ चा ढीग पाचाचा पाचच. तसं झालं तर साहित्य बदलू नका, नोटा आणि वही शेजारी ठेवून एकेक पायरी दोन्हीकडे करायला लावा. ढीग दोघांवर आला की पुढच्या घटकाला निघा. त्या दोघांसाठी सगळा वर्ग थांबवण्यात अर्थ नाही, परिपाठानंतरची पाच मिनिटं त्यांना द्या.

आता मोबाईल. तीनच गोष्टी सांगतो.

पहिली, रिमाइंडरची सूचना नको, घड्याळाच्या ॲपमधला अलार्म घ्या. शाळेत आपला मोबाईल सायलेंटवर असतो, त्यात सूचना नुसती पडून राहते. अलार्म सहसा सायलेंटवरही वाजतो. वर्गात मोठ्याने वाजायला नको असेल तर थरथर ठेवून मोबाईल टेबलाच्या लाकडावर ठेवा. कामांच्या याद्या करणारी ॲप्स बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे कधीकधी उशिरा जागी होतात. घड्याळाच्या बाबतीत तो त्रास नसतो. वार निवडताना सोमवार ते शुक्रवार एवढेच निवडा.

दुसरी, अलार्मला नाव देता येतं, तिथं कामाचं नाव लिहू नका, हाताने करायची पहिली हालचाल लिहा. "वह्या तपासणे" वाचून आपण अलार्म बंद करतो, कारण ते दीड तासाचं काम वाटतं. तुमच्या तीन अलार्मची नावं अशी ठेवून बघा.

"उघडा गठ्ठा ओढ, ढीग कर. लाल पेन नाही."

"कपाट उघड. उद्याचं काय: कपाट, घर, दुकान?"

"डिकीतल्या सात वह्या टेबलावर आण."

तिसरी, एखादा अलार्म लागोपाठ तीन दिवस पुढे ढकलला गेला तर त्याची वेळ बदला. सव्वाआठला लेकराला झोपवायची वेळ असेल तर नऊ करा, किंवा पहाटे साडेपाच. पण मग पिशवी मात्र रात्रीच भरा. सकाळी डबा, पाणी, लेकरू या गडबडीत स्केचपेन कुठं आहेत हे आठवत नाही. भरलेली पिशवी स्कूटीच्या हुकाला अडकवा किंवा किल्लीच्या खुंटीवर. किल्ली घेताना ती हातात आलीच पाहिजे.

ही घडी ज्या दिवशी मोडणार हे आधीच माहीत असतं, असे दिवस बरेच आहेत. शिक्षण परिषद असते, पोषण आहाराचं धान्य येतं, दुसरे गुरुजी रजेवर जातात आणि चारही वर्ग तुमच्याकडे येतात. अशा दिवशी ४:२० ला ढीग होत नाहीत. त्यासाठी कपाटात एक कोरडी तासिका तयार ठेवा, म्हणजे ज्याला काहीच साहित्य लागत नाही आणि जी कुठल्याही दिवशी चालते: पाढ्यांची साखळी, शब्दांच्या भेंड्या, गावातल्या दुकानाचा हिशोब. टाचणात तेच लिहा, आणि ढिगांचं काम दुसऱ्या दिवशीच्या ४:२० ला. राहिलेलं भरून काढायला दोन दिवसांच्या वह्या एका रात्री घेऊन बसू नका, आजच्या सात त्या आजच्या सात. १६ सप्टेंबरला तर पिशवीच वेगळी असते. दुसऱ्या दिवशी मुक्तीसंग्राम दिनाचं झेंडावंदन असतं, तेव्हा त्या रात्रीचा ८:१५ चा अलार्म त्या दिवसापुरता बंद केलेला बरा.

घडी चालते की नाही हे ओळखायला मी तीन जागा बघतो. टाचणातले कृतीचे रकाने लागोपाठ तीन दिवस एकसारखे दिसायला लागले, तर ढीग होत नाहीयेत आणि पुस्तकातून उतरवणं परत सुरू झालंय. पिशवीतलं साहित्य जसं गेलं तसं परत येत असेल, तर साहित्य आधी सुचतंय आणि वह्या नंतर बघितल्या जातायत. आणि ढिगांच्या कागदावर रोज तीच नावं असतील तर अडचण पाठाच्या आधीच्या इयत्तेत आहे, नोटांनी ती सुटणार नाही. त्या लेकरांना दुसरीच्या वजाबाकीपासून धरावं लागेल. संध्याकाळची तयारी इथपर्यंतच पोचते, पुढचं काम वर्गातल्या वेळेचं आहे.

उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळची शाळा झाली की या वेळांचा उपयोग नाही. तेव्हा दोन संच करून ठेवा. सकाळच्या शाळेला पहिली घंटा सुटण्याआधी चाळीस मिनिटं, दुसरी दहा मिनिटं आधी, हे तसंच. तिसरी मात्र रात्री नको, दुपारी चारला घ्या. उन्हातून घरी आल्यावर दोन तास पडून झालेलं असतं, बाजार संध्याकाळी उघडा असतो, आणि सकाळी साडेसहाला निघायचं म्हणजे रात्री लवकर झोपायचं असतं. जुना संच पुसू नका, बंद करून ठेवा. जूनमध्ये शाळा उघडली की तोच परत चालू करायचा, फक्त वह्यांची संख्या नव्या पटाप्रमाणे बदलून.